छेदांत विखुरलेली राशी बाहेर काढताना

भिंगाचे सूत्र दहावीच्या विज्ञानात येते. भिंगापासून वस्तूचे अंतर u, प्रतिमेचे अंतर v आणि नाभीय अंतर f असेल, तर

1/v − 1/u = 1/f

यातल्या कोणत्याही दोन राशी दिल्या, की तिसरी सहज मिळते. प्रत्यक्षात मात्र प्रश्न बऱ्याचदा वेगळा असतो. नाभीय अंतर ठाऊक असते, प्रतिमा किती पट मोठी हवी हेही ठरलेले असते आणि वस्तू कुठे ठेवायची ते शोधायचे असते. प्रतिमा किती पट आहे हे विशालन m सांगते आणि m = v/u असते. म्हणून v च्या जागी mu लिहिता येते:

1/(mu) − 1/u = 1/f

आता u ही अज्ञात राशी दोन छेदांत आली. ती एका जागी आणल्याशिवाय एकटी करता येत नाही. डावीकडच्या दोन्ही पदांत 1/u हा सामाईक अवयव आहे, कारण 1/(mu) म्हणजे 1/m गुणिले 1/u. तो कंसाबाहेर काढला की समीकरण असे होते:

(1/u)(1/m − 1) = 1/f

आता u एकदाच येतो आणि कंसात फक्त ज्ञात राशी उरतात. दोन्ही बाजूंना u आणि f ने गुणले की

u = f(1/m − 1)

छेदांचा त्रास आधीच काढून टाकायचा असेल, तर मूळ समीकरणाला सर्व छेदांच्या लसाविने, म्हणजे muf ने गुणावे. मग f − mf = mu असे सरळ समीकरण मिळते आणि m ने भागल्यावर उत्तर तेच येते.

१० सेमी नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग घेऊ. पडद्यावर दुप्पट मोठी प्रतिमा हवी आहे. पडद्यावर पडणारी प्रतिमा वास्तव आणि उलटी असते, म्हणून चिन्ह संकेतानुसार m = −2.

u = 10(−1/2 − 1) = −15

वस्तू भिंगाच्या डावीकडे १५ सेमीवर ठेवावी लागेल. प्रतिमेचे अंतर v = mu = 30, म्हणजे पडदा उजवीकडे ३० सेमीवर हवा. पडताळा मूळ सूत्रात घ्यावा: 1/30 + 1/15 = 3/30 = 1/10. उत्तर जुळते.

तेच भिंग वाचनासाठी हातात धरून दुप्पट मोठे अक्षर बघायचे असेल, तर प्रतिमा आभासी आणि सुलटी असते, म्हणून m = 2. मग u = 10(1/2 − 1) = −5, म्हणजे कागद ५ सेमीवर धरावा. सूत्र एकच असले तरी m चे चिन्ह चुकले तर वस्तूची जागा १५ सेमीऐवजी ५ सेमी येते.

या मांडणीत सर्वाधिक होणारी चूक म्हणजे दोन अपूर्णांकांचे छेद थेट एकत्र करणे. 1/(mu) − 1/u ऐवजी 1/(mu − u) लिहिले, तर u = f/(m − 1) असे सुटसुटीत पण चुकीचे सूत्र हाती येते. वरच्या पडद्याच्या उदाहरणात ते u = −3.33 देते. ही चूक भौतिकशास्त्रानेच पकडता येते: वस्तू नाभीय अंतराच्या आत असेल, तर बहिर्गोल भिंग तिची वास्तव प्रतिमा पडद्यावर पाडू शकत नाही.

सामाईक अवयव काढण्याची रीत प्रत्येक वेळी लागू पडत नाही. प्रत्येक छेदात अज्ञात राशी निव्वळ गुणक म्हणून असेल, तरच ती बाहेर येते. वस्तू आणि पडदा यांच्यातले अंतर D ठरलेले असून भिंग कुठे ठेवायचे हे शोधायचे असेल, तर u च्या जागी −(D − v) येते:

1/v + 1/(D − v) = 1/f

इथेही v दोन छेदांत आहे, पण दुसऱ्या छेदात तो वजाबाकीचा भाग आहे. त्यामुळे 1/v सामाईक निघत नाही. छेद काढल्यावर v² − Dv + fD = 0 हे वर्गसमीकरण मिळते. D = 45 आणि f = 10 घेतले, तर v ची मूल्ये 30 आणि 15 येतात. म्हणजे भिंगाच्या दोन जागा आहेत: एकीत प्रतिमा दुप्पट आणि दुसरीत निम्मी. D हे 4f पेक्षा कमी असेल, तर वर्गसमीकरणाला वास्तव उत्तर नसते आणि भिंग कुठेही सरकवले तरी पडद्यावर स्पष्ट प्रतिमा मिळत नाही.

म्हणून सूत्राची फेरमांडणी करण्याआधी प्रत्येक छेद तपासावा. अज्ञात राशी सगळीकडे गुणकरूपात असेल, तर तिचा व्यस्त कंसाबाहेर काढावा. एखाद्याही छेदात ती बेरजेत किंवा वजाबाकीत अडकली असेल, तर लसाविने गुणून येणारे समीकरण सोडवावे.