आधी लांबी, मग पंखा

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि वान नदीच्या पट्ट्यात, मे महिन्यात पंखा चोवीस तास फिरतो. लाइट गेली तेवढाच काय तो थांबतो. तरीही खोलीला पंखा किती मोठा हवा आणि एक की दोन, हे ठरवायला घर बांधणारा माणूस फार तर एक मिनिट देतो. आणि ते मिनिट येतं भलत्याच दिवशी. पंखा विकत घ्यायला दुकानात गेल्यावर नव्हे, तर स्लॅबच्या सळ्या बांधून झालेल्या असतात, फिटिंगवाला पाइप टाकत असतो आणि वरून विचारतो, “भाऊ, हूक एकच टाकू काय?” खालून “टाक मधात” असं उत्तर जातं. काँक्रीट पडलं की पुढची तीस वर्षं त्या खोलीतली हवा त्या एका शब्दावर चालते.

पंख्याचा आकार म्हणजे त्याची पाती फिरताना टोकांनी जे वर्तुळ निघतं, त्याचा व्यास. आपल्याकडे मिळणारे नेहमीचे आकार 600, 900, 1050, 1200, 1400 आणि 1500 मिलिमीटरचे. दुकानात 1200 ला 48 इंची म्हणतात, आणि नव्वद टक्के लोक डोळे मिटून तोच मागतात. त्यात फार चूकही नाही, कारण दहा बाय बारा फुटांच्या खोलीसाठी तो अगदी बरोबर बसतो. गडबड होते ती खोलीचा आकार बदलला की.

दुकानदार विचारतो, “किती स्क्वेअर फूट?” शंभर ते दीडशे असेल तर 48 इंची आणि त्याहून मोठी असेल तर 56 इंची, असा त्याचा ढोबळ हिशेब. पण दोनशे चौरस फूट म्हणजे चौदा बाय चौदाची खोलीही असते आणि दहा बाय वीसची बैठकही असते. गावठाणातल्या अरुंद जागांवर ही दुसऱ्या प्रकारची बैठक फार दिसते. क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, पण हवेच्या दृष्टीने या दोन वेगळ्या खोल्या आहेत. पंख्याची हवा झोताने खाली येते, जमिनीवर पसरते, भिंतीला लागून वर चढते आणि पुन्हा पात्यांकडे ओढली जाते. चौकोनी खोलीत हे चक्र चारही बाजूंनी सारखं पूर्ण होतं. लांबट खोलीत जवळच्या भिंतींवरून हवा लगेच परतते आणि दूरच्या टोकांना पोचता पोचता तिचा जोर संपतो. बैठकीच्या टोकाला दिवाणावर बसलेला पाहुणा रुमालाने वारा घेत असतो, तो यामुळे.

म्हणूनच भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने हिशेबाला क्षेत्रफळ नव्हे, तर खोलीची लांब बाजू धरली आहे. नियम एका ओळीचा आहे. लांब बाजू मीटरमध्ये घ्यायची आणि 55 ने गुणायची. येईल साधारण तितके घनमीटर हवा त्या खोलीतल्या पंख्याने दर मिनिटाला टाकायला हवी. 1200 च्या पंख्याने मिनिटाला किमान 210 घनमीटर हवा द्यावी, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. 1400 चा साधारण 270 च्या आसपास देतो. नेमका आकडा खोक्यावर ‘एअर डिलिव्हरी’ म्हणून छापलेला असतो. विकत घेताना रंगाआधी तो वाचावा.

आता हा हिशेब प्रत्यक्ष खोल्यांवर लावून पाहू. तीन बाय चार मीटर, म्हणजे साधारण दहा बाय तेरा फुटांची झोपायची खोली. 55 गुणिले 4, म्हणजे 220. त्यामुळे 1200 चा एक पंखा पुरतो. लांबी पाच मीटर झाली की 275 लागतात, म्हणजे 1400 चा पंखा. आणि आपली दहा बाय वीसची बैठक? लांबी सहा मीटर, गरज 330. एवढ्याच्या जवळपास 1500 चाच पंखा पोचेल, आणि तालुक्याच्या दुकानात तो सहज मिळत नाही.

अशा वेळी खोली मनातल्या मनात कापायची. वीस फुटांचे दोन भाग केले की प्रत्येकी तीन बाय तीन मीटरचा चौकोन मिळतो. आता लांब बाजू तीन मीटरच, म्हणून गरज 165. 1050 चा पंखा ती भागवतो. दोन हूक लागतील, पण ते खोलीच्या मध्यापासून कसेही मोजून टाकायचे नाहीत. प्रत्येक हूक आपापल्या चौकोनाच्या मधोमध यायला हवा, म्हणजे टोकाच्या भिंतीपासून पाच फुटांवर आणि दोन हुकांमध्ये दहा फूट. वीजबिलाची भीती वाटत असेल तर तीही मोजून पाहावी. मोठा साधा पंखा 75-80 वॅट घेतो, तर बीएलडीसी प्रकारचे दोन छोटे पंखे मिळून साठेक वॅटमध्ये भागतात. शिवाय माणसं एका टोकाला बसली असतील तर दुसरा बंद ठेवता येतो.

शाळेच्या वर्गखोलीत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. सहा बाय आठ मीटरच्या वर्गाला नुसता लांबीचा गुणाकार केला तर 440 येतात आणि 1200 चे दोन पंखे पुरेसे वाटतात. पण वर्ग रुंदही आहे, हे त्या गुणाकारात दिसत नाही. चार भाग केले की तीन बाय चारचे चार चौकोन होतात, प्रत्येकाची गरज 220, आणि उत्तर 1200 चे चार पंखे. दोनच लावले तर भिंतीकडेची मुलं घामाने चिंब होतात, आणि बाकं नेमकी भिंतीपर्यंत असतात.

आकार आणि संख्या जमली तरी उंची राहते. पाती छतापासून निदान एक फूट खाली हवीत, नाहीतर वरून हवा ओढायला वावच मिळत नाही आणि चांगला पंखाही नुसता गरगरतो. संहितेचं सूत्र असं: खोलीच्या उंचीची तिप्पट करा, त्यात बसायच्या किंवा कामाच्या पातळीची उंची मिळवा आणि चाराने भागा. तीन मीटर उंच खोली आणि पाऊण मीटर उंच टेबल असेल तर 2.44 मीटर, म्हणजे आठ फूट. खोली उंच असेल तर त्यासाठी लांब रॉड घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला लोक उगाच कंजूषी करतात. जुन्या धाब्याच्या घरात प्रश्न उलटा असतो. तिथे तुळईच खाली असते. छतापासून फूटभर अंतर ठेवलं तर उभ्या माणसाचा उचललेला हात पात्यांत जाईल. अशा घरात छताच्या पंख्याचा हट्ट सोडून भिंतीवरचा पंखा लावणंच शहाणपणाचं.

हवा खरंच पोचते का, हे बघायला पेटवलेली उदबत्ती पुरते. पूर्ण वेगावर पंखा ठेवून, खिडक्या लावून, जिथे माणूस बसतो तिथे बसल्या डोक्याच्या उंचीवर ती धरावी. धूर लगेच आडवा फुटला तर हवा आहे. सरळ वर चढला तर तिथे पंखा पोचत नाही. बरोब्बर पंख्याखाली धूर थोडा संथ दिसेल, कारण मोटरच्या खाली झोत मुळातच कमजोर असतो. मात्र आधी चांगली चालणारी खोली अलीकडे बिघडली असेल, तर आकाराला दोष देऊ नये. कंडेन्सर उतरला असेल किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल. कमी व्होल्टेजमध्ये साधा पंखा मंदावतो, बीएलडीसी मात्र बऱ्यापैकी वेग धरून राहतो. आपल्या भागात मला हा फरक विजेच्या बचतीहूनही मोठा वाटतो.

आणि एक मर्यादा मान्य करायलाच हवी. पंखा हवा थंड करत नाही. तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्यातून गारवा मिळतो. हवेचं तापमान त्वचेच्या, म्हणजे पस्तीसेक अंशांच्या वर गेलं की झोताबरोबर उष्णताही अंगावर येऊ लागते. 44 अंशांच्या दुपारी टिनपत्र्याच्या खोलीत पंखा वर साचलेली तापलेली हवाच खाली लोटतो. तिथे 1200 चा 1400 केला तर भाजणं वाढतं. आधी पत्र्याखाली आडोसा किंवा वरून चुना, वर साचलेली हवा निघायला उंचावर झरोका, आणि मग पंखा. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं यांना अशा दुपारी पंख्याच्या भरवशावर ठेवू नये. ओला कपडा, कूलर किंवा शेजारचं स्लॅबचं घर गाठावं.

नवं घर बांधत असाल तर सळ्या बांधायच्या आदल्या संध्याकाळी खाली जमिनीवर चुन्याने खोलीचे चौकोन आखून घ्या, प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर खूण करा, आणि त्या खुणांवरून ओळंबा धरून फॅन बॉक्सची जागा सेंटरिंगवर नेऊन फिटिंगवाल्याला दाखवा.