पुस्तक लेव्हिनला, नोंद फॉक्स्टनला

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वेलिंग्टनच्या वरच्या अंगाला होरोव्हेनुआ नावाचा जिल्हा आहे. तिथल्या लेव्हिन, फॉक्स्टन आणि शॅनन या गावांतली सार्वजनिक ग्रंथालये एकाच न्यासाची होती. 1999 मध्ये न्यासापुढे एक पेच उभा राहिला. त्यांची जुनी संगणकप्रणाली 2000 सालात टिकणार नव्हती, आणि नवी विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. वेलिंग्टनच्या काटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून त्यांनी नवी प्रणाली लिहून घेतली. जानेवारी 2000 मध्ये ती चालू झाली आणि नंतर कोणालाही वापरता यावी म्हणून मुक्त परवान्याखाली खुली केली गेली. हीच ‘कोहा’. आज आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत ती चालते.

एकाच ग्रंथालयाच्या अनेक शाखा असतील, तर वाचक एका शाखेतून पुस्तक नेतो आणि जाता-येता दुसऱ्याच शाखेत परत करतो. तशी मुभा असलीच पाहिजे, नाहीतर शाखा असून उपयोग काय? कोहामध्ये एरवी यात काही अडत नाही, कारण साऱ्या शाखांचे काउंटर एकाच मध्यवर्ती नोंदसंग्रहावर थेट काम करतात. अडते ते जोडणी तुटल्यावर. वादळाने तार पडते, वीज जाते, इंटरनेट दिवसभर मिळत नाही. वाचकाला परत पाठवायचे नसेल, तर काउंटरवरचा संगणक एकट्याने नोंदी घेत राहतो आणि रात्री त्या मध्यवर्ती संग्रहात ओतल्या जातात. हे ओतणे कसे होते आणि कुठे फसते, हे नीट पाहण्यासारखे आहे.

जोडणी नसताना होणाऱ्या देवघेवीसाठी कोहाची वेगळी साधने आहेत. ती प्रत्येक काउंटरवर `.koc` अशी साधी मजकूर-फाइल तयार करतात. पहिली ओळ फाइल कोणत्या साधनाने केली ते सांगते. त्यापुढे एका व्यवहाराला एक ओळ: वेळ, कृती, आणि मग पुस्तक देताना वाचकाचा कार्ड क्रमांक व पुस्तकाचा बारकोड, परत घेताना नुसता बारकोड. समजा 12 जूनला जोडणी बंद होती. फॉक्स्टनच्या काउंटरने सकाळी लहान मुलांचे एक चित्रपुस्तक 1042 क्रमांकाच्या वाचकाला दिले. मुलाने ते गाडीतच वाचून संपवले, दुपारी आईने ते लेव्हिनला परत केले आणि थोड्याच वेळात तिथल्या 2210 क्रमांकाच्या वाचकाने ते नेले. रात्री दोन्ही फायलींत या पुस्तकापुरत्या ओळी अशा असतील:

```
फॉक्स्टन
2024-06-12 11:05:20 114	issue	1042	30071
लेव्हिन
2024-06-12 16:10:02 530	return	30071
2024-06-12 16:32:47 218	issue	2210	30071
```

(शाखांची नावे मी वाचकांच्या सोयीसाठी घातली आहेत. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या फायली.)

‘हे पुस्तक आता बाहेर आहे’ अशी अंतिम स्थिती यात कुठेच लिहिलेली नाही, हा या रचनेचा मोठा गुण. फाइलमध्ये फक्त घडलेल्या गोष्टी आहेत. दोन शाखांनी संध्याकाळी आपापली ‘स्थिती’ पाठवली असती, तर फॉक्स्टन म्हणाले असते पुस्तक 1042 कडे, लेव्हिन म्हणाले असते 2210 कडे, आणि खरे कोणाचे हे ठरवायला काहीच आधार उरला नसता. घडामोडी वेळेच्या क्रमाने लावल्या की उत्तर आपोआप येते: दिले, परत आले, पुन्हा दिले.

मात्र त्या क्रमाने लागायला हव्यात. कोहाच्या रांगेत नोंदी वेळेनुसार लागतात, पण ज्या आल्या आहेत त्याच. एका शाखेची फाइल आली की लगेच चालवून मोकळे होण्याचा मोह इथेच नडतो. अशा देवघेवीसाठी ठरवून दिलेली रीत म्हणजे सगळ्या शाखांच्या फायली आधी रांगेत चढवाव्यात आणि मग रांग एकदाच चालवावी. माझे मत याहून थोडे कडक आहे. फायली एकाच माणसाने, एकाच लॉगिनमधून चढवाव्यात, आणि एखाद्या शाखेची फाइल आली नसेल तर त्या रात्री रांग चालवूच नये. एक दिवस उशीर झालेला परवडतो.

न थांबल्यास काय होते ते वरच्याच पुस्तकावर पाहू. लेव्हिनची फाइल रात्री चालली, फॉक्स्टनची राहिली. लेव्हिनची परतीची ओळ आली तेव्हा मध्यवर्ती संग्रहात हे पुस्तक कोणाच्याच नावावर नाही, म्हणून उत्तर मिळते `Item not issued.` आणि ती ओळ निकामी होते. पुढची ओळ 2210 च्या नावावर पुस्तक चढवते. इथपर्यंत सारे खरे आहे. दुसऱ्या दिवशी फॉक्स्टनची फाइल येते. तिच्यातली ओळ म्हणते, पुस्तक 1042 ला दिले. प्रणालीला ते 2210 कडे दिसते. पुस्तक समोर आले त्याअर्थी आधीच्याने ते परत केले असणार, परतीची नोंद तेवढी राहिली असणार, असे ती गृहीत धरते. मग 2210 च्या नावावरून पुस्तक उतरवते, 1042 च्या नावावर चढवते आणि उत्तर देते `Success.`

हे उत्तर सर्वांत वाईट, कारण यशाच्या ओळी कोणी पुन्हा पाहत नाही. पुस्तक 2210 च्या घरी आहे आणि नोंद 1042 च्या नावावर. जिने पुस्तक त्याच दिवशी परत केले, तिलाच पुढे मुदत संपल्याची सूचना जाणार. प्रणालीचे गृहीतक मुळात चुकीचे नाही. काउंटरवर समोर पुस्तक असताना ते बरोबरच ठरते. ते फसते फक्त कालची गोष्ट आज सांगितली जाते तेव्हा. ओळखण्याची खूण पुस्तकाच्या देवघेव-इतिहासात सापडते. मिटलेल्या नोंदीची वेळ 16:32 आणि चालू नोंदीची 11:05. चालू नोंद मिटलेल्या नोंदीपेक्षा जुनी दिसली, की क्रम उलटला आहे असे समजावे. मग पुस्तक 1042 च्या नावावरून परत घेऊन 2210 च्या नावावर मूळ मुदतीने पुन्हा चढवायचे.

फायली सगळ्या आल्या तरी घड्याळ दगा देऊ शकते. ओळीवरची वेळ त्या काउंटरच्या संगणकाची असते. समजा लेव्हिनचे घड्याळ सहा तास मागे आहे. मग परत 10:10 ला, दुसऱ्याला दिले 10:32 ला, आणि फॉक्स्टनने पहिल्याला दिले 11:05 ला, असा क्रम लागतो आणि शेवट पुन्हा तोच, पुस्तक 1042 च्या नावावर. जोडणी असताना संगणक आपले घड्याळ नेटवरून जुळवून घेतो, म्हणून हे लक्षात येत नाही. आतली बारीक बॅटरी संपलेला जुना संगणक मात्र वीज जाऊन आली की कित्येक वर्षांपूर्वीची तारीख धरून उठतो. म्हणून जोडणी तुटली की काउंटरवरच्या माणसाने पहिले काम करावे ते पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहण्याचे. रात्री हे दुरुस्त करता येत नाही, असे नाही. मजकूर-फाइलमध्ये वेळ बदलता येते. पण घड्याळ किती तास चुकले होते आणि कधीपासून, हे तेव्हा कोणालाच नेमके आठवत नाही.

इथे `Item not issued.` कामाला येते. हे उत्तर पुष्कळदा निरुपद्रवी असते. वाचनकक्षातल्या टेबलांवर पडलेली पुस्तके उचलून स्कॅन केली तरी तेच उत्तर येते. म्हणून प्रत्येक ओळीमागे धावायचे नाही. ज्या बारकोडला हे उत्तर मिळाले, तोच बारकोड त्या दिवसाच्या एखाद्या `issue` ओळीत आहे का, एवढेच पाहायचे. असेल तर तिथे थांबायचे. तीन शाखांच्या ग्रंथालयात ही यादी वाचायला फार वेळ लागत नाही, आणि पुढची अनेक भांडणे टळतात.

रात्रीच्या कामांचा आपसातला क्रमही तितकाच महत्त्वाचा. कोहामध्ये दंड आकारणारा `fines.pl` आणि मुदत उलटल्याच्या सूचना काढणारा `overdue_notices.pl` हे रोज ठरलेल्या वेळी आपोआप चालतात. त्यांना रांगेत अडकलेल्या परतीच्या नोंदी माहीत नसतात. संध्याकाळी परत आलेले पुस्तक त्यांच्या लेखी अजून बाहेरच असते. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुसऱ्या शाखेत पुस्तक देऊन घरी गेलेल्या वाचकाला सकाळी दंडाचा निरोप मिळतो. फाइलमधली परतीची वेळ आदल्या संध्याकाळचीच असते, पण तोवर निरोप गेलेला असतो. रांग चालली नसेल त्या रात्री ही दोन कामे रोखून धरावीत, असे मला ठामपणे वाटते. एक दिवसाचा दंड बुडाला तर ग्रंथालयाचे काही बिघडत नाही. वाचकाने मात्र आपण वेळेत दिलेल्या पुस्तकासाठी काउंटरवर येऊन स्वतःचा खरेपणा सिद्ध करावा, हे बरे नव्हे.

आता राहिला प्रश्न दुसऱ्या शाखेचा. वरच्या ओळी पुन्हा पाहिल्या तर ध्यानात येईल की त्यांत शाखेचे नावच नाही. पुस्तक परत आले एवढे कळते, कुठे आले ते कळत नाही. कोहाच्या संग्रहात प्रत्येक पुस्तकाला दोन शाखा असतात: `homebranch`, म्हणजे ते मालकीने कोणाचे, आणि `holdingbranch`, म्हणजे ते आत्ता कुठे आहे. थेट जोडणीवर लेव्हिनने फॉक्स्टनचे पुस्तक परत घेतले की दुसरी नोंद बदलते, ‘हे फॉक्स्टनला पाठवा’ असा निरोप पडद्यावर येतो आणि वाटेत असल्याची नोंद उघडते. कोणी ते राखून ठेवले असेल तर तेही तिथेच कळते. जोडणी नसताना काउंटरला यातले काहीच ठाऊक नसते. रात्री फायली एका लॉगिनखाली चढवल्या, तर प्रणालीच्या दृष्टीने तिन्ही शाखांचे व्यवहार एकाच ठिकाणी झाले. त्यामुळे रात्रीचे काम पुस्तक कोणाच्या नावावर आहे हे खरे करते. ते कुठे आहे, हे त्याला ठरवता येत नाही.

त्याचा उपाय साधा आहे आणि तो माणसालाच करावा लागतो. जोडणी नसताना परत आलेली पुस्तके मांडणीत लावायची नाहीत, वेगळ्या ट्रॉलीवर ठेवायची. सकाळी रांग चालल्याची खात्री झाली की ती सगळी, जिथे आहेत त्याच शाखेत, पुन्हा एकदा परत म्हणून स्कॅन करायची. कोणाच्याच नावावर नसलेले पुस्तक स्कॅन केल्याने काही बिघडत नाही, पण त्याची जागा दुरुस्त होते, राखीव असेल तर चिठ्ठी निघते, परक्या शाखेचे असेल तर पाठवणीची नोंद उघडते. उलट ट्रॉलीवरचे एखादे पुस्तक अजून कोणाच्या नावावर निघाले, तर रात्री काही चुकले आहे हे तिथल्या तिथे उघड होते.

ट्रॉलीवरचे पुस्तक घाईत मांडणीत गेले तर ते नाहीसे झाल्यासारखेच होते. नोंद म्हणते फॉक्स्टनच्या मांडणीत आहे, तिथे ते नाही. लेव्हिनच्या मांडणीत ते आहे, पण तिथे कोणी शोधत नाही. वाटेत हरवलेल्या पुस्तकाला निदान `branchtransfers` मध्ये पाठवल्याची तारीख असते, आणि ठरावीक दिवसांत ते पोचले नाही तर ते यादीत वर येते. न स्कॅन केलेल्या पुस्तकाची अशी कोणतीच यादी निघत नाही. ते वार्षिक साठा-पडताळणीत सापडते, किंवा एखादा वाचक ते मांडणीतून उचलून काउंटरवर आणतो तेव्हा.