कायनेटिक होंडाची ऑइलची टाकी

कायनेटिक होंडात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही. वेगळ्या टाकीतले ऑइल एक छोटा पंप इंजिनाला पुरवतो; इंजिनाचा वेग वाढला की पुरवठाही वाढतो. म्हणून ऑइल किती दिवसांत संपते यापेक्षा किती किलोमीटरमध्ये संपते हे पाहावे.

ऑइल टू-स्ट्रोकचेच हवे. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी लिहिलेले असले, की धूर आणि काजळी कमी होते. फोर-स्ट्रोकचे इंजिन ऑइल मात्र कधीही घालू नका. ते जळण्यासाठी बनवलेलेच नसते.

खप मोजायला टाकी काठोकाठ भरून मीटरचा आकडा लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर मापाने मोजून पुन्हा तेवढीच भरा. गाडी लिटरला ४० किलोमीटर देत असेल, तर साडेबारा लिटर पेट्रोल जळते. पन्नासास एक या ढोबळ प्रमाणाने ऑइल २५० मिली लागेल. थोडाफार फरक चालतो. दुप्पट लागले, तर गळती किंवा पंप तपासा. शंभर मिलीच लागले, तर ती बचत समजू नका. नळीत हवा किंवा कचरा अडकला असेल आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली, तर नुसते ऑइल भरून निघू नका. मेकॅनिककडून नळीतली हवा काढून घ्या आणि तोवर पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिली ऑइल मिसळा.