केसांतला उतार आणि पडद्यावरचे पट्टे

संपादित केलेले व्यक्तिचित्र समाजमाध्यमावर गेले की दोन दोष दिसू शकतात. चेहऱ्याचा रंग बदलतो आणि केसांतला गडदाकडून उजळाकडे जाणारा मऊ उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो. हे पट्टे म्हणजे बँडिंग. दोष एकाच वेळी नजरेत भरतात म्हणून त्यांचे कारणही एकच मानले जाते, पण तसे नसते. रंगाचा दोष प्रोफाइलमुळे येतो, पट्ट्यांचा दोष अपुऱ्या छटांमुळे.

प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा यांचे आकडे असतात. त्या आकड्यांचा नेमका रंग कोणता, हे फाइलला जोडलेले कलर प्रोफाइल सांगते. लाइटरूम आणि फोटोशॉपमध्ये Adobe RGB किंवा ProPhoto RGB या मोठ्या रंगविस्तारात काम करता येते. मात्र जिथे प्रोफाइल वाचले जात नाही किंवा चढवताना ते गळून पडते, तिथे तेच आकडे sRGB समजून दाखवले जातात. मग त्वचा निस्तेज आणि तांबूस केस मातकट दिसतात.

यावर उपाय Edit > Convert to Profile हा. तेथे sRGB IEC61966-2.1 निवडल्यावर आकडे बदलतात आणि रंग शक्य तितका तोच राहतो. त्याच मेनूतल्या Assign Profile मध्ये नेमके उलटे घडते. आकडे तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, म्हणजे टाळायचा होता तोच दोष हाताने ओढवून घेतला जातो. रूपांतराचीही एक मर्यादा आहे. फार भडक तांबडी छटा sRGB मध्ये मावत नाही. ती काठाशी चिरडली जाते आणि वेगवेगळ्या बटा एकाच सपाट रंगाच्या होतात. म्हणून रूपांतरापूर्वीच त्या छटेचा भडकपणा थोडा कमी करावा.

आता पट्टे. ८ बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या मिळतात. त्यातही काळ्या केसांच्या वाट्याला खालच्या मोजक्याच येतात. समजा, ६०० पिक्सेल लांबीच्या बटेत लाल रंगाचा आकडा १० पासून २५ पर्यंत चढतो. Curves वापरून ती बट उजळली आणि आकडे २० ते ५० झाले. मूळ फाइल ८ बिट असेल तर पायऱ्या पंधराच राहतात. प्रत्येक पट्टा ४० पिक्सेल रुंद होतो आणि दोन पट्ट्यांत दोन आकड्यांची उडी पडते. रॉवरून उघडलेल्या १६ बिट फाइलमध्ये मधल्या छटा शिल्लक असतात. त्यामुळे शेवटी ८ बिट करतानाही तीस पायऱ्या मिळतात आणि उडी एकाच आकड्याची राहते. जेपेग उघडून तिला १६ बिट केल्याने मात्र हरवलेल्या छटा परत येत नाहीत.

उरलेली पायरी मोडण्याचे काम बारीक कण करतात. Filter > Noise > Add Noise मध्ये Gaussian व Monochromatic निवडून सुमारे १ टक्का कण टाकले की पट्ट्याची सरळ कड विस्कटते आणि डोळ्याला सलग उतार दिसतो. सगळ्या चित्रावर ते नको असतील तर मास्कने केसांपुरते ठेवता येतात. खरी चूक होते ती क्रमात. कण आधी टाकून चित्र नंतर लहान केले तर शेजारच्या पिक्सेलांची सरासरी निघते, कण पुसले जातात आणि पट्टे परत उमटतात.

म्हणून मूळ फाइल जपून ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे. सगळे लेयर एकत्र करून १६ बिटमध्येच रुंदी १०८० पिक्सेल करावी. इन्स्टाग्रामवर उभ्या चित्रासाठी १०८० × १३५० हे माप चालते. मोठी फाइल दिली तर ती तिथे लहान केली जाते आणि कणांची मेहनत वाया जाते. त्यानंतर केसांना हलका शार्पनेस, मग sRGB, मग कण आणि सर्वांत शेवटी Image > Mode > 8 Bits/Channel. जेपेग साठवताना Save As मधली गुणवत्ता १० च्या आसपास ठेवावी आणि प्रोफाइल जोडलेले असावे. ६ किंवा त्याखाली गेल्यास फोटोशॉप रंगाची माहिती विरळ करते. तिथे तांबूस बटांच्या कडा फुटतात आणि बारीक कणही दाबले जातात.

तयार फाइल ब्राउझरमध्ये १०० टक्के आकारात उघडून पाहावी, कारण लहान करून पाहताना फोटोशॉप कधी कधी फाइलमध्ये नसलेले पट्टेही दाखवते. पट्टे एकाच मॉनिटरवर दिसले आणि चांगल्या फोनवर दिसले नाहीत, तर दोष बहुधा मॉनिटरचा असतो. फाइल दोन्हीकडे स्वच्छ असेल आणि चढवल्यावरच पट्टे आले, तर ते तिथल्या पुन्हा केलेल्या दाबणीचे असतात. ती दाबणी थांबवता येत नाही. केसांतले कण किंचित वाढवून फाइल पुन्हा चढवणे, एवढेच तेव्हा हातात उरते.