गुणाकार k च्या आत: सरकत्या खिडकीने सलग तुकड्यांची मोजणी

धन पूर्णांकांची एक यादी आणि k ही एक मर्यादा दिलेली असते. यादीतल्या किती सलग तुकड्यांचा गुणाकार k पेक्षा कमी भरतो, हे मोजायचे असते. प्रोग्रॅमिंगमध्ये अशा यादीला अ‍ॅरे आणि तिच्या सलग तुकड्याला सबअ‍ॅरे म्हणतात. यात ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे: मधला आकडा गाळून पुढचा घेता येत नाही. ‘कमी’ हा शब्दही तितकाच काटेकोर आहे. गुणाकार बरोबर k एवढा आला, तर तो तुकडा मोजणीत धरत नाहीत. लीटकोड या सराव-संकेतस्थळावर हा प्रश्न ७१३ व्या क्रमांकावर आहे. तिथे यादीत जास्तीत जास्त ३०,००० आकडे असतात, प्रत्येक आकडा १ ते १००० यांच्या दरम्यान असतो आणि k ची किंमत ० ते १० लाख यांपैकी काहीही असू शकते.

सरळ मार्ग असा, की प्रत्येक जागेपासून सुरुवात करून उजवीकडे एकेक आकडा जोडत जायचे आणि दरवेळी गुणाकार तपासायचा. सहा आकड्यांच्या यादीत असे २१ तुकडे निघतात, तेवढे हाताने तपासता येतात. n आकड्यांच्या यादीत तुकड्यांची संख्या n(n+1)/2 असते, म्हणजे ३०,००० आकड्यांसाठी ती ४५ कोटींच्या वर जाते. मर्यादा ओलांडताच थांबायचे ठरवले तरी यादीत १ हा आकडा खूप वेळा आला, तर गुणाकार वाढतच नाही आणि जवळजवळ सगळे तुकडे तपासावे लागतात. सरकत्या खिडकीच्या, म्हणजे स्लायडिंग विंडोच्या पद्धतीने हेच काम यादीवरून एकदाच पुढे जात पुरे होते.

या पद्धतीत यादीवर दोन खुणा ठेवतात. left ही खिडकीची डावी कड आणि right ही उजवी. दोन्ही कडांवरचे आणि त्यांच्या मधले आकडे मिळून खिडकी होते आणि त्या सर्वांचा गुणाकार prod मध्ये साठवलेला असतो. उजवी कड दर फेरीत एक घर पुढे जाते आणि नव्या आकड्याने prod ला गुणले जाते. गुणाकार k एवढा किंवा त्याहून मोठा झाला, तर डावीकडचा आकडा खिडकीबाहेर काढतात, म्हणजे prod ला त्या आकड्याने भागून left एक घर पुढे नेतात. गुणाकार k च्या खाली येईपर्यंत हे चालू राहते.

खिडकी अशी बसली, की उजव्या कडेवर संपणारे आणि अटीत बसणारे तुकडे किती, हे एका वजाबाकीने कळते. left पासून right पर्यंतचा पूर्ण तुकडा अटीत बसतो. त्याच्या डावीकडून आकडे कमी करत गेले, तर गुणाकार तेवढाच राहतो किंवा घटतो, कारण प्रत्येक आकडा किमान १ आहे. म्हणजे right वर संपणारे आणि left किंवा त्यापुढे कुठेही सुरू होणारे सगळे तुकडे चालतात. त्यांची संख्या right − left + 1, म्हणजेच खिडकीतल्या आकड्यांइतकी. left च्या अलीकडे सुरू होणारा कोणताही तुकडा चालत नाही, कारण त्याचा गुणाकार मर्यादेबाहेर गेला म्हणूनच ती जागा सोडावी लागली होती. प्रत्येक तुकड्याचा शेवट एकाच जागी होत असल्यामुळे कोणताही तुकडा दोनदा मोजला जात नाही आणि एकही सुटत नाही.

४, ३, २, ७, १, ५ ही यादी आणि k = ३० घेऊन हे पाहता येते. पहिल्या फेरीत खिडकीत फक्त ४ आहे आणि एक तुकडा मिळतो. ३ आत आल्यावर गुणाकार १२ होतो आणि दोन तुकडे मिळतात: एकटा ३, आणि ४ सह ३. मग २ येतो, गुणाकार २४ होतो आणि तीन तुकड्यांची भर पडून एकूण ६ होतात. आतापर्यंत डावी कड हललेली नाही.

चौथा आकडा ७ आत येताच गुणाकार १६८ वर जातो. डावीकडचा ४ काढला की तो ४२ होतो, पण हेही ३० पेक्षा जास्तच. ३ काढल्यावर १४ उरतात आणि खिडकी २, ७ एवढी राहते. दोन तुकडे मिळून एकूण ८. पुढचा १ गुणाकारात काहीच बदल करत नाही. गुणाकार १४ च राहतो, पण खिडकी तीन आकड्यांची होते आणि तीन तुकडे वाढून एकूण ११ होतात. शेवटी ५ आल्यावर गुणाकार ७० होतो. २ काढल्यावर ३५ आणि ७ काढल्यावर ५ उरतात. खिडकीत १ आणि ५ राहतात, दोन तुकडे मिळतात आणि उत्तर १३ येते. उलट बाजूने पडताळा घेतला, तर एकूण २१ तुकड्यांपैकी ३० किंवा अधिक गुणाकाराचे ८ आहेत: ४ पासून सुरू होणारे तीन, ३ पासून तीन, २ पासून एक आणि ७ पासून एक. २१ मधून ८ गेले की १३ उरतात.

या पद्धतीचा वेग एका गोष्टीतून येतो: डावी कड कधीच मागे येत नाही. left पासून right पर्यंतचा गुणाकार मर्यादेबाहेर गेला असेल, तर उजवीकडे आणखी आकडे जोडून तो आत येणार नाही. त्यामुळे एकदा सोडलेली जागा कायमची सुटते. उजवी कड ३०,००० वेळा पुढे जाते, डावी कड संपूर्ण प्रवासात जास्तीत जास्त तेवढ्याच वेळा. ४५ कोटी तपासण्यांच्या जागी ६०,००० पावले पुरतात.

पायथॉनमध्ये पूर्ण रीत अशी लिहिली जाते:

```python
def count(nums, k):
    if k <= 1:
        return 0
    left = 0
    prod = 1
    total = 0
    for right in range(len(nums)):
        prod *= nums[right]
        while prod >= k:
            prod //= nums[left]
            left += 1
        total += right - left + 1
    return total
```

यातली k <= 1 ची तपासणी वरवर पाहता अनावश्यक वाटते, आणि चूक बहुतेकदा तिथेच होते. k = १ असेल तर उत्तर उघड आहे. धन पूर्णांकांचा गुणाकार १ पेक्षा कमी कधीच होत नाही. एकटा १ देखील चालत नाही, कारण तो १ एवढा आहे, १ पेक्षा कमी नाही. उत्तर शून्य. पण हे उत्तर माणसाला दिसते, आतल्या while ला दिसत नाही.

यामागचे कारण रिकाम्या खिडकीत आहे. खिडकीत एकही आकडा नसेल, तेव्हा prod ची किंमत १ असते. गुणाकाराची सुरुवात १ पासूनच करावी लागते, ० पासून केली तर पुढे सगळे शून्यच होईल. k = २ किंवा त्याहून मोठा असेल, तर ही १ ची किंमत while ला आपोआप थांबवते. १, १, ३, १ ही यादी आणि k = २ घेतली, तर ३ आत येताच दोन्ही १ बाहेर जातात, तरी गुणाकार ३ च राहतो. मग स्वतः ३ बाहेर जातो, गुणाकार १ होतो आणि १ हा २ पेक्षा कमी असल्याने काढणे थांबते. left आता right च्या एक घर पुढे आहे, त्यामुळे right − left + 1 शून्य येते आणि त्या फेरीत काहीच मिळवले जात नाही. हे अगदी योग्य आहे.

k = १ असताना मात्र खिडकी रिकामी झाली, तरी १ >= १ ही अट खरीच राहते. while थांबत नाही आणि अजून खिडकीत न आलेल्या आकड्यांनीही भागू लागतो. आधीचीच यादी ४, ३, २, ७, १, ५ तपासणी काढून टाकून k = १ साठी चालवली, तर पहिल्या फेरीत ४ येतो आणि बाहेर जातो, गुणाकार १ होतो. पुढे त्याला ३ ने भागले जाते. पूर्णांकी भागाकारात १ ला ३ ने भागले की ० येतो. आता left दोन घरे पुढे गेलेला असतो, म्हणून पहिल्या फेरीची भर −१ येते. prod शून्य झाल्यामुळे तो पुन्हा कधीच १ पर्यंत पोहोचत नाही आणि डावी कड जागीच अडकते. पुढच्या फेऱ्यांत ०, १, २, ३, ४ अशी भर पडत जाते आणि शून्याच्या जागी ९ हे उत्तर मिळते, तेही कोणतीही तक्रार न येता. यादीत सगळे १ असतील, तर भागाकाराने काहीच बदलत नाही, डावी कड यादीच्या टोकापलीकडे जाते आणि प्रोग्रॅम त्रुटी दाखवून बंद पडतो. याहून फसवी स्थिती १, २, ३ या यादीची. तिथे −१, ० आणि १ यांची बेरीज शून्य येते, म्हणजे चुकीचा प्रोग्रॅम बरोबर उत्तर देऊन जातो. म्हणून k = १ ची चाचणी एकाच यादीवर घेऊन भागत नाही.

यावर उपाय दोन आहेत. वर दाखवल्याप्रमाणे सुरुवातीलाच k <= 1 तपासून शून्य परत करता येते, त्यात k = ० ही स्थितीही येते. किंवा while ची अट left <= right and prod >= k अशी लिहिता येते. या दुसऱ्या रीतीत खिडकी रिकामी झाली की आतला while थांबतो, prod नेमका १ राहतो आणि प्रत्येक फेरीची भर शून्य येते.

सगळी रीत आकडे १ किंवा त्याहून मोठे असण्यावर उभी आहे. यादीत शून्य असेल, तर त्याने भागण्याची वेळ येऊ शकते. शिवाय ‘तुकडा लांबला की गुणाकार घटत नाही’ हा आधारच जातो. ५०, ० या यादीत k = १० असताना एकटा ५० चालत नाही, पण ५० आणि ० मिळून झालेला तुकडा चालतो. पन्नासाची जागा आधीच सोडून दिलेल्या डाव्या कडेला तो सापडणार नाही. k किमान १ असेल, तर शून्य असलेले सगळे तुकडे अटीत बसतात. म्हणून ते वेगळे मोजून, शून्यांच्या मधल्या भागांवर ही रीत स्वतंत्रपणे चालवता येते. ऋण आकड्यांसाठी किंवा १ पेक्षा लहान अपूर्णांकांसाठी मात्र एवढी दुरुस्ती पुरत नाही, कारण तिथे नवा आकडा आल्यावर मोठा झालेला गुणाकार पुन्हा मर्यादेच्या आत येऊ शकतो.