पंधरा सेकंदांचं गाणं

'सोजुगादा सूजुमल्लिगे' हे कन्नड गाणं तुम्ही ऐकलं असेल, कदाचित नाव माहीत नसताना. कुणाच्या तुळशीवृंदावनाच्या रीलखाली, कुणाच्या बाळाच्या, नाहीतर कुठल्याशा पावसाळी घाटाच्या. म्हैसूरच्या दक्षिणेकडचा चामराजनगर जिल्हा हा मलेमहादेश्वराचा मुलूख, आणि हे त्या देवाचं लोकगीत. म्हैसूरच्याच गायिका अनन्या भट यांनी ते गायलं, पुढे 2021च्या 'गरुड गमन वृषभ वाहन' या चित्रपटात चैत्रा आचार यांच्या आवाजात आलं, आणि कन्नडचा गंध नसलेल्या घरांतही पोचलं.

पोचलं ते मात्र एका तुकड्यापुरतं. गाण्यात पुढे देवाला वाहिलेल्या फुलापानांची कडवी आहेत. ती क्वचितच कुणी उचलली. का, ते पाहण्यासारखं आहे, कारण तुमच्या घरातही कुणी गाणं रेकॉर्ड करून ठेवलं असेल तर त्यातली पंधरा सेकंदं कुठली, हा प्रश्न येणारच. पंधराच का? 2020च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्स भारतात सुरू झाले, दोन्ही सुरुवातीला पंधरा सेकंदांचेच. मर्यादा नंतर वाढली, पण लोकांची सवय आखूडच राहिली.

आता त्या ध्रुवपदाकडे पाहा. मल्लिगे म्हणजे मोगरा-जाईच्या कुळातलं फूल. ते महादेवाच्या माथ्यावर आहे, एवढंच चित्र त्यात आहे. आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडत नाही, पुढचं कळायची वाट पाहावी लागत नाही. कडव्याला मात्र मागचं कडवं लागतं. शिवाय फूल हे कुणालाही दाखवता येतं. संजू राठोड यांच्या 'गुलाबी साडी'चंही तेच: शब्दातच दाखवायची वस्तू आहे. म्हणून गाण्यातली सगळ्यात सुंदर ओळ किंवा सगळ्यात अवघड तान निवडू नका. जी ओळ एकटी उभी राहते आणि जिच्याखाली अनोळखी माणूस आपलं काही ठेवू शकतो, ती निवडा.

ओळ ठरली की खरं काम सुरू होतं, ते मात्रांचं. समजा तुमचं गाणं केरव्यात आहे, आठ मात्रांच्या, आणि लय मिनिटाला 100 मात्रांची आहे. एक मात्रा 0.6 सेकंदाची, आवर्तन 4.8 सेकंदांचं. तीन आवर्तनं 14.4 सेकंदांत बसतात, चौथं 19.2वर जातं. तेव्हा 14.4वरच थांबा. उरलेली 0.6 सेकंदं भरायला गेलात तर एक मात्रा जादा होते, आणि व्हिडिओ संपून पुन्हा सुरू झाला की ठेका अडखळतो. रील आपोआप फिरत राहतं, हे विसरून कापलेले तुकडे मी बरेच ऐकते.

ध्रुवपद दोन आवर्तनांत संपत असेल तर तिसऱ्याचं काय? गाण्याआधीची बासरी घ्यावी असा मोह होतो, पण बोट स्क्रीन सरकवायला टपलेलं असतं. आवाज आधी येऊ द्या, बासरी शेवटी ठेवा. ती ऐकणाऱ्याला हलकेच पुन्हा पहिल्या शब्दाकडे आणून सोडते.

गायक समेच्या दोन मात्रा आधी उठत असेल, आणि मराठी गाण्यांत असं पुष्कळदा होतं, तर कापणी समेवर करू नका. त्या उठावापासून सुरू करा आणि शेवटही समेच्या दोन मात्रा आधीच करा. एकूण चोवीस मात्रा तशाच राहतात. पहिल्या अक्षराच्या अगदी काठावरही कात्री लावू नका. 'सो' मधला 'स' निम्मा गेला तर कानाला 'ओ' ऐकू येतो. सेकंदाचा विसावा भाग आधी सोडला की पुरे.

मग तुकडा हेडफोनवर नव्हे, फोनच्या स्पीकरवर ऐका, शेजारी मिक्सर चालू असताना. ढोलकीच्या धुमेचा घुमार लहान स्पीकरमधून जवळजवळ नाहीसा होतो, चाटीचा आवाज मात्र उरतो. तुमच्या तुकड्याची सगळी मजा धुमेतच असेल तर दुसरी जागा शोधा. सलग पाचदा फिरवा आणि पायाने ताल धरा. पाय चुकला तर जोड चुकला.

शेवटी एक छोटी गोष्ट, पण नेमकी तीच राहून जाते. गाणं ऑनलाइन पोचवणाऱ्या बऱ्याच सेवांच्या फॉर्ममध्ये क्लिप कुठून सुरू व्हावी ती वेळ विचारतात. रकाना रिकामा ठेवलात तर जागा यंत्रणा ठरवते, आणि तुमच्या ध्रुवपदाऐवजी नुसती सुरुवातीची वाद्यंच वाजत बसू शकतात. ऐकणाऱ्याला पट्टी सरकवून दुसरा भाग घेता येतो, पण त्यासाठी त्याला आधी गाणं माहीत असायला हवं. उठावाची वेळ, समजा 0:47, कागदावर लिहून ठेवा आणि मगच फॉर्म उघडा.