अकाउंटिंग कार्यालयाचा वकिलांना प्रस्ताव

लहान अकाउंटिंग कार्यालय वकिली कार्यालयाला ईमेल पाठवून सुचवते की, आमच्या ग्राहकांना कायद्याचे काम निघाले तर आम्ही तुमचे नाव सांगू आणि तुमच्या अशिलांना हिशेबाचे किंवा कराचे काम पडले तर तुम्ही आमचे नाव सांगावे. भारतात असा ईमेल लिहिण्याआधी पाठवणारा कोण आहे हे पाहावे लागते. पाठवणारा सनदी लेखापाल, म्हणजे सीए असेल, तर हा ईमेल त्याने न पाठवलेलाच बरा. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनुसार परिपत्रक, जाहिरात किंवा वैयक्तिक पत्रव्यवहार यांतून, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, व्यावसायिक काम मागणे हे गैरवर्तन ठरते. दुसऱ्या सीएकडे काम मागण्याची सूट त्यात आहे. वकिलाकडे मागण्याची नाही. वाणिज्य पदवीधर जमाखर्च लिहितो, जीएसटीची विवरणपत्रे भरतो, पगारपत्रके करतो, पण सीए नाही, अशा कार्यालयाला हा कायदा लागू होत नाही. हा प्रस्ताव त्याला पाठवता येतो. मात्र ज्याला तो पाठवायचा तो वकील बार कौन्सिलच्या नियमांनी बांधलेला असतो आणि मजकूर त्या नियमांत बसावा लागतो.

नाशिकमधले असे एक कार्यालय कल्पून पाहू. दोन भागीदार, तीन कर्मचारी. ग्राहक बहुतेक व्यापारी आणि छोटे कारखानदार. ज्यांना लिहायचे त्या वकीलबाई खरेदीखते, मृत्युपत्रे, वाटण्या आणि चेकचे दावे पाहतात. ‘आम्ही दर्जेदार सेवा देतो’ या वाक्यातून त्यांना काहीच कळणार नाही. आपल्या टेबलावर असे काय दिसते जे वकिलापर्यंत उशिरा पोहोचते, हे हिशेबनिसाने सांगितले तर ईमेल वाचला जाईल.

याचे सर्वांत ठळक उदाहरण न वटलेल्या चेकचे. एका व्यापाऱ्याला मिळालेला 3 लाख 40 हजारांचा चेक पुरेशा रकमेअभावी परत आला आणि बँकेची सूचना त्याला 6 जूनला मिळाली असे समजा. फौजदारी तक्रार करायची असेल, तर ही सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत, म्हणजे 6 जुलैपर्यंत, चेक देणाऱ्याला लेखी नोटीस धाडावी लागते. नोटीस पोहोचल्यावर त्याला पैसे देण्यासाठी 15 दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने पैसे दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मिळू शकते. नोटिशीच्या उशिराला ती मिळत नाही. व्यापारी मात्र ‘देतो, देतो’ या शब्दांवर थांबलेला असतो आणि वकिलाकडे जातो तो दिवाळीच्या सुमारास. तोवर चेकची तीन महिन्यांची मुदतही संपलेली असते. ती शिल्लक असती तर चेक पुन्हा बँकेत भरून नव्याने सुरुवात करता आली असती. दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो, पण तो लांबचा.

हा परत आलेला चेक सर्वांत आधी दिसतो तो बँकेच्या उताऱ्याशी खाते जुळवणाऱ्याला. जुळवणी तीन महिन्यांनी होत असेल तर त्याचा उपयोग नाही. दर आठवड्याला होत असेल तर वकिलाच्या हाती तीन आठवडे तरी राहतात. ‘आम्ही दर सोमवारी बँकखाते जुळवतो आणि परत आलेला चेक दिसला की त्याच दिवशी ग्राहकाला नोटिशीच्या मुदतीची आठवण देतो’ हे एक वाक्य अनुभवाच्या पाच ओळींपेक्षा अधिक सांगते.

उलट्या बाजूनेही असेच घडते. वकीलबाई 45 लाखांच्या फ्लॅटचे खरेदीखत करत आहेत. व्यवहार 50 लाखांच्या आत असल्याने टीडीएस कापायचा नाही असे खरेदीदार धरून चालतो. पण ही मर्यादा विकणारा भारतात निवासी असेल तेव्हाची, आणि त्या वेळी दर 1 टक्का असतो. फ्लॅट अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाच्या नावावर असेल तर मर्यादा लागू होत नाही, करही त्याहून बराच जास्त कापावा लागतो, आणि तो कापला नाही तर वसुली खरेदीदाराकडून होते. विक्रेता कुठे राहतो हे खरेदीखताच्या मसुद्यात पहिल्याच पानावर दिसते. पैसे देण्याआधी त्या खरेदीदाराने हिशेबनिसाला विचारले, तर पुढचा त्रास टळतो.

या दोन गोष्टी कळल्या की ईमेल आपोआप आखूड होतो. विषयाच्या ओळीत ‘भागीदारीचा प्रस्ताव’ असे लिहू नये, कारण वकिलाला वकील नसलेल्याशी भागीदारी करता येत नाही. मजकूर साधारण असा असावा:

‘सन्माननीय महोदया, आमचे कार्यालय नाशिकमधील व्यापाऱ्यांचे जमाखर्च आणि जीएसटीचे काम पाहते. बँकखाती जुळवताना न वटलेले चेक आमच्या नजरेस लवकर येतात. अशा वेळी ग्राहक वकिलाचे नाव विचारतात. आपली हरकत नसेल तर आम्ही इतर दोन नावांबरोबर आपलेही नाव देऊ. आपल्या अशिलांना मालमत्ता व्यवहारातील टीडीएस किंवा वारसांच्या कराबाबत मदत लागली आणि आपल्याला योग्य वाटले, तर आमचे नाव सांगावे. यात कोणतेही कमिशन नाही, कोणावर बंधन नाही आणि निवड पूर्णपणे त्या व्यक्तीची राहील. सोयीच्या दिवशी अर्धा तास भेट मिळाल्यास आभारी राहू.’

कमिशनचे वाक्य शिष्टाचार म्हणून घातलेले नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकील आपली फी वकील नसलेल्याशी वाटून घेऊ शकत नाही. वकिलाकडून मोबदला घेऊन त्याला काम मिळवून देणाऱ्याला कायदा दलाल म्हणतो. अशा दलालांची यादी करून त्यांना न्यायालयाच्या आवारातून वगळण्याची तरतूद 2023 च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्यात आली. म्हणून ‘प्रत्येक अशिलामागे दहा टक्के’ असे लिहिणारा ईमेल वकिलाने तिथेच बंद करावा. ‘तुम्ही एक पाठवा, आम्ही एक पाठवू’ ही मोजणीही टाळावी. त्यात रोकड नसली तरी कामाची किंमत कामानेच चुकवली जाते, आणि मग कोणाकडे पाठवावे हे ग्राहकाच्या गरजेवरून ठरत नाही. ईमेलमध्ये ‘इतर दोन नावांबरोबर’ हे शब्द याचसाठी आहेत.

ग्राहकांची यादी किंवा नमुन्यादाखल एखाद्याचे खातेपुस्तक ईमेलला जोडणे ही मोठी चूक होय. व्यापाऱ्याने आपले हिशेब दाखवले ते हिशेबनिसाला. त्याच्या लेखी संमतीशिवाय ते पुढे जाऊ नयेत. वकिलाला सांगितलेली गोष्ट कायद्याने संरक्षित असते, हिशेबनिसाला सांगितलेली तशी नसते. म्हणून वाद चिघळण्याची शक्यता दिसली की ग्राहकाला फक्त दूरध्वनी क्रमांक द्यावा. हकीकत त्याने स्वतः वकिलापुढे मांडावी.

एक प्रसंग मात्र असा आहे की तिथे नावही सांगू नये. ज्या भागीदारी पेढीचा जमाखर्च कार्यालय लिहिते, तिच्याच दोन भागीदारांत भांडण जुंपले आणि एकाने वकिलाचे नाव विचारले, तर हिशेबनीस दोघांचाही असतो. एकाला वकील सुचवला की दुसऱ्याचा त्या वह्यांवरचा विश्वास उडतो, आणि पुढे त्याच वह्या पुरावा म्हणून न्यायालयात येणार असतात. हा अपवाद पहिल्या भेटीतच वकीलबाईंना सांगून ठेवावा. त्यांच्याकडेही तसाच अपवाद असतो: ज्या व्यापाऱ्याविरुद्ध त्या दावा लढवत आहेत, त्याचा जमाखर्च याच कार्यालयात असेल, तर आपल्या अशिलाला त्या तिथे पाठवणार नाहीत, आणि त्यामागचे कारण त्यांना सांगताही येणार नाही.